टीचरना द्यायची चिठ्ठी: स्वतःहून न सांगणाऱ्या मुलासाठी पाणी आणि शी-शूच्या ठरलेल्या वेळा

प्रश्न: माझा मुलगा तीन वर्षे चार महिन्यांचा आहे. घरी डायपर सुटले होते, पण जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून तीन-चार दिवसांनी एकदा शी होते, तीही कडक, आणि तेव्हा तो खूप रडतो. आठवड्यातून दोन-तीनदा चड्डीला डाग लागलेले असतात. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. टीचर म्हणतात, "तो कधी सांगतच नाही, विचारलं तर नको म्हणतो." पाणी आणि टॉयलेटबद्दल त्यांना चिठ्ठी लिहायची आहे, पण ती तक्रार वाटू नये. काय लिहू?

उत्तर:

तुमच्या प्रश्नात सर्वांत उपयोगी वाक्य टीचरचे आहे. तो सांगत नाही आणि विचारल्यावर नको म्हणतो, हे त्यांचे निरीक्षण अचूक आहे आणि चिठ्ठी त्याच्यावरच उभी करायला हवी. बहुतेक पालक लिहितात, "त्याला लागली की कृपया लगेच टॉयलेटला पाठवावे." ही विनंती टीचर मनापासून मान्य करतात, पण तिचा उपयोग होत नाही, कारण जे मूल शी रोखून धरते ते मागतच नाही. म्हणून मागणी असावी ती ठरलेल्या वेळांची, ज्यात मुलाला विचारायचे नाही आणि त्याच्या उत्तराची वाटही पाहायची नाही.

हे टीचरना पटण्यासाठी आधी आत काय घडते ते तुम्हाला स्पष्ट असायला हवे. एखाद्या दिवशी शी कडक होते आणि दुखते. गुदद्वाराच्या कडेला बारीक चीरही पडते. तीन वर्षांचे मूल त्यावरून एकच निष्कर्ष काढते, तो म्हणजे शी केली की दुखते. पुढच्या वेळी कळ आली की ते पाय घट्ट आवळते, चवड्यांवर उभे राहते, कोपऱ्यात किंवा पडद्यामागे जाते, चेहरा लाल करते. आपल्याला वाटते की ते जोर करत आहे, पण बहुतेक वेळा ते शी आत धरून ठेवत असते. थोड्या वेळाने कळ निघून जाते आणि मूल पुन्हा खेळू लागते. आत राहिलेल्या शीतले पाणी मोठे आतडे शोषत राहते, ती आणखी मोठी आणि कडक होते, आणि पुढची शी आणखी दुखते. असे काही आठवडे चालले की गुदाशय ताणला जातो आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. त्या साठलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डीला डाग लागतात. त्या वेळी मुलाला खरोखरच काही कळलेले नसते. डाग म्हणजे निष्काळजीपणा नाही, हट्ट नाही आणि जुलाबही नाहीत. कित्येक घरांत हे पातळ डाग पाहून जुलाब समजले जातात, औषध थांबवले जाते, आणि साठा वाढत जातो.

भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयालाही दाबतो. त्यामुळे अशी मुले शू एक तर पुन्हा पुन्हा थोडी थोडी करतात किंवा एकदम ओली होतात, आणि काहींना लघवीच्या मार्गाचा संसर्ग होतो. म्हणून चिठ्ठीत शी आणि शू यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

चिठ्ठीआधी एक काम मात्र घरीच व्हायला हवे. डाग लागत आहेत याचा अर्थ आत साठा असण्याची शक्यता मोठी आहे. तो साफ झाल्याशिवाय शाळेतल्या टॉयलेटच्या वेळा कितीही नीट पाळल्या तरी फरक दिसणार नाही, आणि मग टीचरचा आणि तुमचाही त्या उपायावरचा विश्वास उडेल. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते पोट तपासून ठरवतील. या वयात बहुधा पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून दिली जाते. साठा साफ करण्यासाठी दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस, आणि त्यानंतर शी रोज मऊ राहावी म्हणून दर किलोमागे साधारण ०.४ ग्रॅमपासून सुरुवात करून कमी-जास्त करतात. नेमका डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. हे आकडे दिले ते एवढ्यासाठी, की दोन टप्पे वेगळे असतात आणि दुसरा टप्पा लांबचा असतो, हे लक्षात यावे. तो निदान दोन महिने चालतो आणि त्रास थांबून किमान एक महिना झाल्यावरच औषध हळूहळू उतरवतात. "सवय लागेल" या भीतीने शी मऊ होताच औषध बंद करणे हे त्रास परत येण्याचे मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण आहे. हे औषध आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ ठेवते. त्याने आतडे आळशी होत नाही. साबणाची कांडी किंवा तेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ मात्र वापरू नका. ज्या जागेची भीती घालवायची आहे, तिथेच त्याने पुन्हा दुखते.

साफ करण्याचे दिवस शाळेत काढू नयेत. शुक्रवारी दुपारी सुरू करून शनिवार-रविवार आणि लागल्यास पुढचे एक-दोन दिवस मूल घरी ठेवावे, आणि चिठ्ठी त्यानंतर शाळेत परतण्याच्या दिवशी द्यावी.

आता पाण्याविषयी. पाणी हा बद्धकोष्ठतेचा उपचार नाही. जे मूल वयाला पुरेसे पाणी पिते त्याला आणखी पाजल्याने साठलेली शी मऊ होत नाही. तुमच्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो सकाळभर जवळजवळ काहीच पीत नाही, तेही दमट हवेत, जिथे मुले वर्गातही घामेजतात. काही मुले तर मुद्दाम पीत नाहीत, कारण प्यायले की शू लागते आणि शाळेच्या टॉयलेटला जावे लागते. या वयाला दुधासह दिवसभरात साधारण एक लिटर द्रव पुरेसे असते. त्यातले १५० ते २०० मिली शाळेच्या तीन तासांत गेले तरी काम भागते. म्हणून मोठी बाटली देऊ नका. टीचरला तिच्याकडे पाहून काही कळत नाही, आणि मुलालाही ती जड होते. २०० मिलीची, झाकण स्वतः उघडता येईल अशी बाटली द्या आणि "भरपूर पाणी पाजा" असे न लिहिता "तीन वेळा चार-पाच घोट" असे लिहा. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या वर जात असेल तर ते कमी करा, कारण दुधाने पोट भरले की भाकरी, भाजी, उसळ आणि फळांना जागा उरत नाही.

टॉयलेटच्या वेळा मागताना शाळेची अडचण समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक पूर्व-प्राथमिक वर्गांत पंचवीस-तीस मुलांमागे एक टीचर आणि एक मावशी असतात. टॉयलेट मजल्यावर एखादेच असते आणि मुलांना रांगेने नेले जाते. अशा ठिकाणी "दर तासाला" असे लिहिले तर ते पहिल्या आठवड्यातच मोडते. तीन तासांच्या शाळेत दोन वेळा पुरतात. एक डब्याच्या आधी, हात धुवायला जातानाच, आणि दुसरी सुटण्याच्या अर्धा तास आधी. या दोन्ही वेळी मुले तशीही उठलेली असतात, म्हणून मावशींनाही वेगळी फेरी पडत नाही. खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे डब्यानंतरच्या अर्ध्या तासात कळ येण्याची शक्यता जास्त असते. त्या वेळेत मात्र मुलाकडे लक्ष ठेवायला सांगणे योग्य आहे.

शाळेत शी झालीच पाहिजे अशी मागणी करू नका. शाळेकडून हवे ते पाणी, शू आणि कळ आल्यास रोखू न देणे, एवढेच. शीसाठी बसण्याची ठरलेली वेळ घरी ठेवा. नाश्त्यानंतरची वेळ चांगली, पण सव्वाआठला व्हॅन खाली उभी असताना कोणतेही मूल निवांत बसत नाही. तसे असेल तर दुपारच्या जेवणानंतरची वेळ निवडा. पाच ते दहा मिनिटे, पाय पाटावर टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि जोर वाया जातो. भारतीय पद्धतीचे टॉयलेट असेल तर उकिडवे बसणे उत्तमच आहे, फक्त तोल जाण्याची भीती वाटू नये म्हणून हात धरायला कोणीतरी हवे. शाबासकी बसण्याबद्दल द्या, शी होण्याबद्दल नको, कारण बसणे त्याच्या हातात आहे.

चिठ्ठी साधारण अशी लिहिता येईल. स्कूल डायरीत किंवा पाकिटात घालून हातात द्या. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका, कारण ही तुमच्या मुलाच्या शरीराची गोष्ट आहे आणि उद्या त्याचे मित्र तिच्यावरून त्याला चिडवू शकतात.

> आदरणीय टीचर,
>
> सप्रेम नमस्कार. माझा मुलगा टॉयलेटसाठी स्वतःहून सांगत नाही आणि विचारल्यावर नको म्हणतो, हे तुम्ही सांगितल्यामुळे डॉक्टरांना त्याचा त्रास समजायला मदत झाली. त्याला बद्धकोष्ठता आहे. शी करताना दुखल्यामुळे तो ती रोखून धरतो. औषध सुरू केले आहे आणि ते आम्ही घरीच देतो.
>
> पुढील काही महिने आपली मदत हवी आहे. शाळेत आल्यावर, डब्याबरोबर आणि सुटण्यापूर्वी त्याला बाटलीतले चार-पाच घोट पाणी प्यायला सांगावे. डब्याआधी हात धुवायला जाताना आणि सुटण्याच्या अर्धा तास आधी मावशींबरोबर त्याला टॉयलेटला पाठवावे. "लागली आहे का?" असे विचारल्यास तो नाहीच म्हणतो, म्हणून "आता टॉयलेटची वेळ झाली" एवढेच म्हणावे. दोन-तीन मिनिटे बसला तरी पुरे आहे. काहीच झाले नाही किंवा तो बसायला तयार झाला नाही, तर आग्रह करू नये.
>
> तो अचानक गप्प होऊन पाय आवळू लागला, चवड्यांवर उभा राहिला किंवा कोपऱ्यात गेला, तर त्याला शी लागली आहे असे समजून लगेच मावशींबरोबर पाठवावे. डब्यानंतर असे होण्याची शक्यता जास्त आहे.
>
> चड्डीला डाग लागल्यास तो त्याने मुद्दाम केलेला नसतो, त्याला ते कळतही नाही. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात दोन चड्ड्या, एक पँट, ओले पुसायचे कागद आणि एक बंद होणारी पिशवी ठेवली आहे. इतर मुलांसमोर काही न बोलता मावशींनी त्याला बदलून द्यावे आणि खराब कपडे न धुता पिशवीत घालावेत.
>
> दिवसाअखेर डायरीत फक्त "पाणी", "शू", "डाग" यांपैकी जे झाले त्यावर खूण केली तरी डॉक्टरांना औषधाचे प्रमाण ठरवायला उपयोग होईल. पोटात जोरात दुखले, उलटी झाली किंवा शीतून रक्त दिसले तर कृपया मला लगेच फोन करावा. यांपैकी काही जमण्यासारखे नसेल तर तसे सांगावे, आपण दुसरा मार्ग काढू.
>
> आपली,
> (मुलाचे नाव, आईचे नाव, फोन क्रमांक)

यातल्या काही गोष्टी मी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. सुरुवात टीचरच्या निरीक्षणापासून होते, त्यामुळे ती तक्रार राहत नाही, आणि ते खरेही आहे. औषध घरी देतो हे लिहिल्याने शाळेची मोठी काळजी मिटते. कपडे धुवायला सांगितलेले नाही, कारण मावशींवर आधीच अनेक मुलांचे काम असते, आणि त्या कामाचा राग नकळत मुलावर निघू शकतो. खुणांची मागणी तीन शब्दांचीच आहे. सविस्तर नोंद मागितली की ती दोन दिवसांत बंद पडते. चिठ्ठी देताना मावशींशीही दोन मिनिटे बोला. टॉयलेटच्या दारात त्याच उभ्या असतात, आणि चिठ्ठी बहुधा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

हे प्रत्यक्षात कसे जाते ते सांगण्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका मुलीचे उदाहरण देते. वय साडेतीन, वजन १३ किलो, तक्रारी अगदी तुमच्यासारख्याच. साठा साफ होईपर्यंत ती घरी होती. त्यानंतर डाग थांबले आणि दिवसाला ५ ग्रॅम पावडर चालू राहिली. चिठ्ठी दिल्यावर पहिल्या आठवड्यात पाणी नीट गेले, पण टॉयलेटला ती दारातूनच परत फिरत होती. टीचरनी आग्रह केला नाही, फक्त डायरीत लिहिले की फ्लशचा आवाज झाला की ती कान झाकते. ही माहिती आम्हाला घरातून कधीच मिळाली नसती. मग ती बाहेर आल्यावरच मावशींनी फ्लश ओढायचे ठरले आणि पायाखाली प्लास्टिकचा छोटा पाट आला. दुसऱ्या आठवड्यात ती बसू लागली. पुढे शी फार पातळ होऊ लागली, तेव्हा आईने औषध बंद न करता विचारून थोडे कमी केले, तेही बरोबर झाले.

गणपतीच्या सुट्टीत कुटुंब गावी गेले. प्रवास, वेगळे टॉयलेट, गडबडीत चुकलेले डोस, आणि परतल्यावर चार दिवस शी नाही. टीचरच्या खुणांत पाण्याची खूण रोज होती, शूची मात्र एकदाही नव्हती आणि डाग पुन्हा दिसू लागले होते. त्या खुणांमुळे लवकर लक्षात आले आणि साफ करण्याचा टप्पा पुन्हा थोडक्यात करावा लागला. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत जाताना आईने पावडर मोजून पुड्या बांधून नेल्या. तुम्हीही सुट्टीनंतर शाळा उघडताना ती चिठ्ठी टीचरना पुन्हा एकदा दाखवा, कारण तोवर वर्गाचा क्रम बदललेला असतो.

एक शंका पुढे येईल म्हणून सांगते. काही मुले शू टॉयलेटमध्ये करतात, पण शीसाठी डायपरच मागतात आणि तो न मिळाल्यास दिवसेंदिवस रोखतात. तुमच्या मुलाचे तसे झाले तर काही आठवडे घरी शीपुरता डायपर द्यायला हरकत नाही. दुखणे थांबले की डायपर सोडवता येतो, दुखत असताना तो सोडवणे फार कठीण जाते. शाळेचा "डायपर चालणार नाही" असा नियम असला तरी याने तो मोडत नाही, कारण डायपर फक्त घरी आणि फक्त शीच्या वेळी वापरायचा आहे.

टीचर चिठ्ठी पाळू शकत नसतील तर दोन आठवड्यांनी त्यांना भेटा आणि कोणती एक वेळ नक्की जमेल ते विचारा. डब्याआधीची एकच वेळ नीट पाळली गेली तरी पुष्कळ फरक पडतो. तेही जमत नसेल तर डॉक्टरांचे छोटे पत्र घेऊन मुख्याध्यापिकेकडे जा. टॉयलेटला जाऊ न देणे किंवा डाग लागल्यावर रागावणे असे काही घडत असेल, तर मात्र दोन आठवडे थांबू नका.

काही लक्षणांत चिठ्ठीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचे असतात. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांनंतर झाली असेल किंवा त्रास पहिल्या काही आठवड्यांपासूनच असेल, वजन वाढत नसेल, पोट फुगून ताठ राहत असेल, हिरवट उलटी होत असेल, पाय अशक्त वाटत असतील किंवा चाल बदलली असेल, पाठीच्या कण्याच्या टोकाला खळगा किंवा केसांचा पुंजका असेल, तर कारण वेगळे असू शकते. शीवर रक्ताची एखादी रेघ बहुधा चिरेमुळे असते. त्यापेक्षा जास्त रक्त, ताप किंवा शू करताना जळजळ असेल तर त्याच दिवशी दाखवा.

ठरलेल्या वेळा कधी बंद करायच्या, असेही टीचर विचारतील. औषध पूर्ण उतरल्यावर आणि त्यानंतर काही आठवडे तो स्वतःहून सांगू लागल्यावर आधी सुटण्यापूर्वीची वेळ सोडा, डब्याआधीची चालू ठेवा, आणि तसे दोन ओळींत लिहून टीचरना कळवा.